एक चॅनल उडालं म्हणून दुसऱ्यावर उडी मारू नका

ग्रुपवर फिरतंय ते असं: "यूट्यूब चॅनल टर्मिनेट झालं तर टेन्शन नको. स्ट्राईक फक्त त्याच चॅनलला असतो, दुसऱ्या चॅनलला काय होत नाय, तिथे तेच व्हिडीओ परत टाका. स्ट्राईक आला की व्हिडीओ डिलीट करा, स्ट्राईक जातो. आणि अपील करायचं तर 30 दिवसांतच, मग दार बंद."

आपल्याकडे जत्रेतली नाटकं, भजनाच्या स्पर्धा, शिगम्याची मिरवणूक शूट करून टाकणारे लोक काय कमी नायत, आणि बहुतेकांचं गणित एकच असतं, एकाच जीमेलवर एक भजनाचं चॅनल, एक नाटकाचं, एक घरातल्या रेसिपीचं. त्यामुळे हा मेसेज ज्याने पुढे ढकलला त्याच्याच घरात नुकसान व्हायची शक्यता जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वाक्यात थोडं खरं आहे आणि तिथेच घोळ होतो. स्ट्राईक मोजले जातात ते चॅनलप्रमाणेच, नाटकाच्या चॅनलला गाईडलाईनचा, म्हणजे यूट्यूबच्या स्वतःच्या नियमांचा, स्ट्राईक आला म्हणून रेसिपीच्या चॅनलवर तो दिसायला लागत नाही. पण स्ट्राईक वेगळा आणि टर्मिनेशन वेगळं. चॅनल टर्मिनेट झालं की बंदी चॅनलवर राहत नाही, माणसावर येते. कॉपीराईटचे तीन स्ट्राईक झाले तर यूट्यूबच्या नियमातच लिहिलंय की अकाऊंट आणि त्याच्याशी जोडलेली बाकीची चॅनल्सपण बंद होऊ शकतात, व्हिडीओ जातात आणि नवीन चॅनल काढता येत नाही. गाईडलाईनवरून उडालं तरी तीच तऱ्हा, आधीपासून असलेलं दुसरं चॅनल, नवीन काढलेलं, कोणाकडून घेतलेलं, आणि ज्यात तुम्ही वारंवार किंवा ठळकपणे दिसता असं कोणाचंही चॅनल, सगळं यात येतं. म्हणजे बायकोच्या जीमेलवर चॅनल काढून त्यात परत आपणच माईक धरून उभं राहायचं ही युक्ती चालत नाही.

हे टर्मिनेशनच्या आधीपण लागू आहे बरं का. पहिल्या गाईडलाईन स्ट्राईकला एक आठवडा अपलोड बंद असतं, 90 दिवसांच्या आत दुसरा आला तर दोन आठवडे. त्या बंदीच्या काळात आपल्याच दुसऱ्या चॅनलवरून तोच माल सोडला तर त्याला नियम चुकवणं धरतात, आणि तेवढ्यावरूनपण चॅनल जाऊ शकतं. फॉरवर्ड नेमकं तेच करायला सांगतोय.

स्ट्राईक 90 दिवस जिवंत राहतो, ते 90 दिवस कसे मोजतात ते आता बघा. समजा फोंड्याचा एक लग्नाचं शूटिंग करणारा माणूस, उत्सवातल्या नाटकाचे व्हिडीओ टाकतो आणि मधे मधे गॅप भरायला कॅसेट कंपनीची गाणी सरळ चिकटवतो. 5 जानेवारीला पहिला कॉपीराईट स्ट्राईक, 20 फेब्रुवारीला दुसरा. पहिला 5 एप्रिलला जाणार, म्हणजे कॉपीराईट स्कूलचा तो छोटा व्हिडीओ आणि प्रश्न त्याने पूर्ण केले असतील तर. तिसरा आला 2 एप्रिलला. तीन दिवसांनी पहिला गेला असता, पण 2 तारखेला तिन्ही जिवंत आहेत, त्यामुळे चॅनल गेलं. हाच तिसरा 10 एप्रिलला आला असता तर हातात दोनच राहिले असते. पार्टनर प्रोग्रॅममधे असेल, म्हणजे चॅनलवर जाहिरातीचे पैसे मिळत असतील, तर त्याला सात दिवसांची सवलत मिळते, चॅनल दिसत राहतं पण नवीन टाकता येत नाही, आणि त्या सात दिवसांत काउंटर नोटीस, म्हणजे दावा चुकीचा आहे असं सांगणारी कायद्याची नोटीस, दिली तर तिचा निकाल लागेपर्यंत चॅनल बंद करत नाहीत. मॉनेटाईज नसलेल्या चॅनलला ही सवलत नाही, आणि आपल्या भागातली बरीच चॅनल्स त्याच प्रकारातली.

डिलीटची गोष्ट मात्र सगळ्यात वाईट, कारण ती अर्धी बरोबर आहे. कॉपीराईटवाला कधी कधी लगेच काढायला न सांगता सात दिवसांची मुदत देऊन विनंती करतो, तेव्हा सात दिवसांच्या आत तुम्ही स्वतः व्हिडीओ काढलात तर स्ट्राईक लागतच नाही. कोणीतरी असं केलं असेल आणि त्यावरून हा नियम तयार झाला असणार! पण एकदा स्ट्राईक लागला की व्हिडीओ डिलीट करून तो हलत नाही. मग तीनच वाटा: 90 दिवस थांबा, मालकाला फोन किंवा मेल करून दावा मागे घ्यायला लावा, किंवा काउंटर नोटीस द्या. मालकाशी बोलणं लोक टाळतात, पण स्थानिक मंडळ किंवा कलाकाराने दावा केला असेल तर तेच सगळ्यात लवकर सुटतं. आणि हो, कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेने आपोआप गाणं ओळखून लावलेला, क्लेम म्हणजे स्ट्राईक नव्हे, जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे गेले म्हणून घाबरून अख्खं चॅनल साफ करत बसू नका.

अपीलच्या मुदतीत तर सगळं एकत्र कालवलंय. गाईडलाईनवरून चॅनल टर्मिनेट झालं तर टर्मिनेशनच्या तारखेपासून एक वर्षापर्यंत अपील करता येतं. नुसता स्ट्राईक असेल, चॅनल चालू असेल, तर 90 दिवस, आणि एका स्ट्राईकला अपील एकदाच. त्यामुळे रागाच्या भरात रात्री दोन ओळी लिहून पाठवू नका, कोणता व्हिडीओ, कोणता नियम, आणि तो का मोडला नाही हे नीट लिहा.

कॉपीराईटवरून गेलं असेल तर हे वर्षाचं अपील तुमच्या कामाचं नाही, तिथे काउंटर नोटीसच. चॅनल बंद असल्याने स्टुडिओतून ती देता येत नाही, ईमेलने पाठवावी लागते. त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तो दावा करणाऱ्याकडे जातो. त्याला अमेरिकेतले कामाचे 10 दिवस मिळतात, तेवढ्यात त्याने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडीओ परत येतो आणि स्ट्राईक जातो. ही कायद्याची नोटीस आहे, कंपनीचं गाणं खरंच चिकटवलं असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

जोडलेलं चॅनल म्हणूनच गेलं असेल तर मेलमधे कारण तसंच येतं. अशा वेळी त्या चॅनलच्या व्हिडीओंची बाजू मांडत बसून उपयोग नाही, मूळ चॅनलशी तुमचा संबंध काय आहे किंवा नाही ते सांगा, आणि मूळ चॅनल तुमचंच असेल तर आधी त्याचं अपील लढवा. चुकीने जोडलं जातच नाही असं नाही, नोव्हेंबर 2025 मधे काही चॅनलवाल्यांनी तक्रार केली होती की कधी न ऐकलेल्या जपानी चॅनलशी जोडून त्यांचं चॅनल बंद केलं, आणि त्यातली काही परतपण आली.

आणि वर्ष उलटून गेलं, अपील फेटाळलं गेलं, तर? ऑक्टोबर 2025 मधे यूट्यूबने एक वाट उघडलीय, टर्मिनेशनला एक वर्ष झाल्यावर काही लोकांना नवीन चॅनलसाठी विनंती करता येते. जुनं चॅनल आणि सबस्क्रायबर परत मिळत नाहीत, शून्यापासून सुरुवात. पण कॉपीराईटवरून उडालेल्यांना ती वाट नाही, म्हणजे आपल्या त्या फोंड्याच्या शूटिंगवाल्याला ती नाहीच.