तुरीचा एकरी नफा आणि अडकलेलं रान

प्रतिक्रिया: "आमच्या १.२० एकर तुरीला ३६,००० नफा झाला. तुमचा तक्ता एकरी ३०,००० दाखवतो आणि सोयाबीनला १३,४००. मग सगळ्यांनी तूरच पेरायची का? सोयाबीन काढून आम्ही हरभरा घेतो, तो कुठे गेला? घरच्यांची मजुरीही शून्य! असला तक्ता काय कामाचा?"

उत्तर:

आधी ते ३०,००० खोडा. तुमचे १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर. तक्त्याने ते सरळ १.२ धरले. दीडने भागलं की एकरी २४,०००च येतात. चूक माझी, क्षेत्राला एकच रकाना ठेवला होता. आता एकर D मध्ये आणि गुंठे E मध्ये लिहा:

```
=D2+E2/40
```

सातबाऱ्यावरून उतरवत असाल तर तिथलं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, हेही ध्यानात ठेवा.

हरभऱ्याचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. तूर जूनअखेर पेरली की डिसेंबर-जानेवारीपर्यंत रान सोडत नाही. सोयाबीन ऑक्टोबरात रान मोकळं करतं. समजा हरभरा एकरी ७ क्विंटल झाला, ५,२०० रुपयांनी गेला आणि खर्च १६,००० आला, तर २०,४०० उरतात. सोयाबीनचे १३,४०० मिळवले की त्याच एकराचे ३३,८०० झाले. म्हणून तुलना पिकाशी पिकाची नको, तुकड्याच्या वर्षाची करा. 'तुकडा' आणि 'वर्ष' हे दोन रकाने वाढवा (जून ते मे एक वर्ष) आणि बेरीज त्यावर घ्या. नफ्याला महिन्यांनी भागायचा सल्ला काही जण देतात, मला तो पटत नाही. रब्बीला ओल किंवा पाणी नसेल तर मोकळे महिने कागदावरच राहतात. तशा रानात तूरच सरस ठरेल.

घरची मजुरी खर्चात मिसळू नका, पण सोडूही नका. दिवस वेगळ्या रकान्यात लिहा आणि गावच्या रोजाने गुणा. समजा रोज ३५० आहे. सोयाबीन-हरभऱ्याला मिळून २१ दिवस लागले तर ७,३५० वजा होऊन २६,४५० राहतात. तुरीला १४ दिवस लागले तर ४,९०० जाऊन १९,१००. दोन पद्धतींतला फरक ९,८०० वरून ७,३५० वर आला. क्रम बदलला नाही, पण खुरपणी जास्त निघाली असती तर बदललाही असता. घरचं बियाणं आणि शेणखतही असंच बाजारभावाने धरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. जानेवारीत काढलेली तूर एप्रिलमध्ये विकली तरी पट्टीची रक्कम खरीप हंगामातच नोंदवा, हमाली-तोलाई वजा करून. विक्रीच्या तारखेने हंगाम ठरवला तर खरीप तोट्यात दिसतो आणि पुढचा हंगाम फुगतो. घरात पडून असलेला माल क्विंटलमध्ये वेगळा लिहा आणि तो विकेपर्यंत त्या तुकड्याचा नफा 'अपुरा' असं लिहून ठेवा.