पाणीटंचाईवरचे रूपक पाच मिनिटांत कसे उरकावे

आमच्या भागातील सामुदायिक रेडिओ केंद्राने गेल्या मंगळवारी आमच्या गल्लीतील पाणीटंचाईवर पाच मिनिटांचे रूपक प्रसारित केले. ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या दोघांना आम्ही दोन तास दिले होते, शिवाय विकतच्या पाण्याचा चहाही दिला होता. ते रूपक ऐकल्यावर अशी संहिता लिहिण्याचे तंत्र माझ्या पूर्ण लक्षात आले असून, होतकरू लेखकांच्या सोयीसाठी ते येथे मांडत आहे.

प्रारंभ बासरीने करावा आणि लगेच ‘पाणी म्हणजे जीवन’ असे सांगावे. संथ वाचनात पाच मिनिटांना सुमारे साडेपाचशे शब्द पुरतात. त्यांतले दोनशे पाण्याच्या महतीवर गेले, की टंचाईबद्दल फारसे लिहावे लागत नाही. नळाला पाणी येण्यापूर्वी आतली हवा फुसफुसत बाहेर पडते, मग नळ दोनदा खोकतो आणि त्या आवाजासरशी गल्लीतले दिवे लागतात, हा आवाज मात्र चुकूनही घेऊ नये. तो घेण्यासाठी पहाटे पावणेचारला उठून मायक्रोफोन नळापासून वीतभर अंतरावर धरावा लागतो. बासरी संगणकात तयारच असते.

दात घासताना नळ बंद ठेवण्याचा सल्ला अवश्य द्यावा, कारण आमचा नळ त्या वेळी बंदच असतो.

आकडे टाळावेत, हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय. आमच्या शेजारच्या आजींनी पाहुण्यांसमोर सगळा हिशेब मांडला होता. त्यांची पंधरा लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागते, म्हणजे मिनिटाला दहा लिटर. पाणी चाळीस मिनिटे टिकते, म्हणजे चारशे लिटर. घरात माणसे पाच, म्हणजे माणशी ऐंशी लिटर आणि तेही एक दिवसाआड, म्हणजे रोजचे चाळीस. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारचा निकष माणशी रोज १३५ लिटरांचा आहे. बादली आणि घड्याळ यांपलीकडे काहीही न वापरता आजींनी जे सिद्ध केले, ते संहितेत तीन वाक्यांत मावले असते, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी आपली बादली मोजून पाहिली असती. प्रसारणात आजींचे एकच वाक्य उरले, ‘फार हाल होतात हो’, आणि त्याच्याखाली पुन्हा बासरी! हिशेब कापून हुंदका ठेवणाऱ्या संपादकाला बाईमाणसाला आकडेमोड येते हेच पटत नसावे. आजी चाळीस वर्षे शिक्षिका होत्या आणि गणितच शिकवत होत्या.

कारणाच्या वाटेला जाऊ नये. ‘वाढती लोकसंख्या’ पुरते.

कारण शोधायचेच झाले, तर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठावे लागते. गल्लीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह किती वाजता आणि किती आटे उघडला जातो, हे तोच सांगू शकतो. आमची गल्ली चढावर आहे. खालच्या घरांपैकी कित्येकांनी नळाच्या जोडणीलाच मोटार बसवली असल्याने त्यांच्या टाक्या भरेपर्यंत वर थेंबही चढत नाही. वीज गेलेल्या पहाटे मात्र वरच्या नळांना उत्तम दाब असतो. निदानासाठी याहून स्पष्ट खूण कोणती हवी? ही गोष्ट मी स्वतः मायक्रोफोनसमोर सांगितली होती. ती ‘वादग्रस्त’ ठरली, कारण मोटार लावणारेही श्रोतेच आहेत.

कोणी जाब विचारलाच, तर सामुदायिक केंद्रांना बातम्या देण्याची परवानगी नाही, असे गंभीरपणे सांगावे. मलाही तेच सांगण्यात आले. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे खरे. परंतु स्थानिक प्रशासनाकडून मिळालेली वीज आणि पाणीपुरवठ्याची माहिती बातमीत धरली जात नाही, हे त्याच नियमावलीत लिहिलेले आहे. पाणी कोणत्या भागाला कधी सुटणार, हे पालिकेकडून घेऊन रोज संध्याकाळी वाचून दाखवायला कोणाचीही आडकाठी नव्हती.

आता उपरोध पुरे झाला. तुमच्या प्रक्षेपकाचा आवाका फार तर दहा-पंधरा किलोमीटरांचा आहे. एवढ्याशा टापूत जर तुम्हाला आमच्या गल्लीच्या पाण्याची वेळ सांगता येत नसेल, तर पाण्याच्या महतीवर बोलण्याचा तुम्हाला काडीचाही अधिकार नाही. पालिकेच्या अभियंत्याला तुम्ही एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीत. व्हॉल्व्ह तुमच्या केंद्राच्या रस्त्यावरच असून तो पाहिला नाहीत. आणि आमचा चहा पिऊन आम्हालाच पाणी जपून वापरायला सांगितलेत. पुन्हा यायचे असेल तर पहाटे पावणेचारला या. आजी जाग्या असतात. बादली त्या देतील, घड्याळ तुमचे आणा.