रात्री गेलेले उधारीचे मेसेज: तासगावच्या दुकानदारांना आमचं उत्तर

"एक स्टार. तासगावात खतं-औषधांचं दुकान आहे. रात्री दीडला आमच्या शेतकऱ्यांना उधारीचे मेसेज गेले, तेही मार्चमध्ये पैसे भरून मोकळे झालेल्यांना. सकाळी आठला परत तेच. कॉपरचा स्टॉक वजा दाखवतोय. लोक दुकानात येऊन भांडतात. कंपनी म्हणते, 'सिंक चालू होता'. म्हणजे काय?"

नमस्कार दादा. तुमच्या दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आमचं, चूकही आमची आहे आणि आमच्या माणसाने दिलेलं ते उत्तर उडवाउडवीचं होतं. नीट सांगतो.

तुमच्या काउंटरवर दिलेली सूट गेल्या हंगामात सर्व्हरवर पोचतच नव्हती. ती दुरुस्त करायला आम्ही सर्व्हरवरची त्या हंगामाची खतावणी रिकामी केली आणि सगळी बिलं, सगळ्या पावत्या पहिल्यापासून परत चढवल्या. रात्री यासाठी, की दिवसा तुमचं काउंटर अडू नये.

घोळ इथे झाला. ऑक्टोबर छाटणीला एका बागायतदाराने 18,400 ची औषधं उधार नेली, द्राक्षं गेल्यावर 2 मार्चला पैसे भरले. आम्ही नोंदी तारखेच्या क्रमाने चढवत होतो, म्हणजे आधी बिल आलं. त्या क्षणी सर्व्हरच्या लेखी त्याची बाकी 18,400 झाली, आणि बाकी दिसली की मेसेज काढायचा हा नियम जागाच होता. मार्चची पावती आली तेव्हा बाकी शून्य झाली खरी, पण मेसेज निघून गेला होता. हिशेब शेवटी बरोबरच जुळला; पण मधल्या प्रत्येक पायरीवर आमचं सॉफ्टवेअर जगाला ओरडून सांगत सुटलं.

एकदा गेलेला मेसेज परत जाऊ नये म्हणून आमच्याकडे नोंदवही आहे. ती का चालली नाही? कारण तिच्यातली खूण अशी होती:

```
bill_no + msg_type + updated_at
```

नोंद पुन्हा लिहिली की `updated_at` आजची होते, खूण नवी ठरते आणि वहीला वाटतं हा मेसेज कधी गेलाच नाही. आता खुणेत फक्त बिल नंबर, मेसेजचा प्रकार आणि तो कितवा तगादा एवढंच आहे.

सकाळी आठचा दुसरा फटका तर निव्वळ आमच्या घाईचा. रात्री लक्षात आल्यावर आम्ही मेसेज पाठवणारा भाग बंद केला, पण रांगेत साचलेले 64 मेसेज पुसले नाहीत. सकाळी तो चालू केला आणि ते सुटले. रात्रीचे 147 धरून एकूण 211.

मग जुनी नोंद चढवताना मेसेज सरसकट बंदच का ठेवत नाही, असं तुम्ही विचाराल. पण दिवसा असं काम निघालं, तर त्याच वेळी काउंटरवर खरं बिल होत असतं आणि त्याचा मेसेज जायलाच हवा. म्हणून आता प्रत्येक नोंदीवरच शिक्का असतो: `live` किंवा `replay`. तो नोंदीबरोबर रांगेपर्यंत जातो. `replay` असेल तर हिशेब होतो, पण बाहेर काही जात नाही. शिक्काच नसेल तर मेसेज अडवून आमच्या माणसाला दाखवला जातो.

स्टॉकचं कारण वेगळं. तिथे प्रत्येक बिल "पाच डबे वजा" असं काम करायचं, आणि स्टॉक आम्ही रिकामा केला नव्हता, त्यामुळे तेच डबे दोनदा वजा झाले. आता प्रत्येक बिल एकदाच धरून शिल्लक एकूण आवक-जावकीवरून काढली जाते. बिल दहादा चढवलं तरी आकडा तोच. तुमचा कॉपरचा आकडा दुरुस्त झालाय, एकदा गोदामात मोजून बघा.

हे तपासलं कसं, तेही सांगतो. तुमच्या डेटाच्या प्रतीवर पूर्ण हंगाम परत चढवला आणि मेसेज मोबाईलवर न पाठवता फाइलमध्ये लिहायला लावले. मध्येच एक आजचं उधार बिलही मुद्दाम केलं. फाइलमध्ये एकच ओळ आली, त्याच बिलाची. ओळच आली नसती तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण मग खरे मेसेजही मेले असते.

एक गोष्ट मात्र हा शिक्का करू शकत नाही. सूट धरल्यावर 12 शेतकऱ्यांची बाकी खरोखरच कमी झाली आहे आणि मेसेज अडवल्यामुळे त्यांना ते कळलेलं नाही. ती यादी, जुना-नवा आकडा लिहून, तुम्हाला पाठवली आहे. त्यांना फोन करायचा की दुकानात आल्यावर सांगायचं, ते तुम्ही ठरवा. माफीचा मेसेजही आम्ही परस्पर धाडलेला नाही. मजकूर तयार आहे, तुम्ही हो म्हणालात तरच तो हे चुकीचे मेसेज गेलेल्यांना जाईल. या सगळ्या मेसेजचा खर्च तुमच्या बिलात धरलेला नाही.