फोर के मॉनिटरवरचे ‘मधले’ रिझोल्यूशन आणि पुसट अक्षरांचा आरोप

“फोर के मॉनिटर लॅपटॉपला जोडलात तर एकतर १९२० बाय १०८० ठेवा, नाहीतर थेट ३८४० बाय २१६०. मधले स्केल्ड २५६० बाय १४४० निवडले की चित्र ताणले जाते, अक्षरे पुसट होतात आणि ग्राफिक्सवर दुप्पट भार पडतो. तेवढीच जागा हवी असेल तर सरळ १४४० पी मॉनिटर घ्या, तो जास्त रेखीव दिसतो.”

सुरुवात ‘ताणले जाते’ या शब्दांपासून केली पाहिजे, कारण पुढचे बरेचसे निष्कर्ष तिथूनच निघाले आहेत. मॅकबुकला २७ इंची फोर के मॉनिटर जोडून २५६० बाय १४४० निवडले, तर मॅकओएस त्या आकाराचे चित्र काढून मोठे करत नाही. ती दोन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे ५१२० बाय २८८० पिक्सेलचे चित्र आतल्या आत तयार करते आणि ते लहान करून ३८४० बाय २१६० मध्ये बसवते. चार पिक्सेलची माहिती तीन पिक्सेलमध्ये उतरते. लहान चित्र मोठे करताना मुळात नसलेला तपशील अंदाजाने भरावा लागतो. इथे तपशील गरजेपेक्षा जास्त असतो आणि त्यातला काही गाळला जातो, त्यामुळे या दोन क्रियांचे परिणाम सारखे असू शकत नाहीत. शिवाय ही युक्ती केवळ बाहेरच्या मॉनिटरसाठी योजलेली नाही. २०१८ ते २०२० दरम्यानच्या रेटिना मॅकबुक एअरचा स्वतःचा पडदा २५६० बाय १६०० पिक्सेलचा आहे, पण कारखान्यातून तो १४४० बाय ९०० या मापावर येतो. म्हणजे तिथेही २८८० बाय १८०० चे चित्र लहान करून दाखवले जाते. त्या लॅपटॉपवरची अक्षरे पुसट असल्याची तक्रार मात्र क्वचितच ऐकू येते.

काहीच गमावले जात नाही, असेही नाही. नेमके काय गमावले जाते ते पाहण्यासाठी तक्त्यातली एक पॉइंट जाडीची उभी काळी रेघ घेऊ; पॉइंट म्हणजे निवडलेल्या मापातला, इथे २५६० बाय १४४० मधला, एक घटक. आतल्या चित्रात ती दोन पिक्सेल जाड असते आणि लहान केल्यावर तिच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो. पडद्यावर अर्धा पिक्सेल उजळता येत नाही, म्हणून एक पिक्सेल पूर्ण काळा आणि शेजारचा साधारण निम्मा करडा होतो. रेघ एका पॉइंटने सरकली की तो करडा पिक्सेल उजवीकडून डावीकडे जातो. भिंग लावले तर हे स्पष्ट दिसते, आणि एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पिक्सेलची जाळी पडद्यावर आणली तर भिंगाशिवायही लाटांसारखे पट्टे दिसतात. त्यामुळे पिक्सेल मोजून चिन्हे काढणाऱ्यांना किंवा मूळ आकारातल्या छायाचित्राचा बारीक पोत तपासणाऱ्यांना हे माप गैरसोयीचे ठरू शकते, हे मान्यच करावे लागेल.

अक्षरांचे प्रकरण वेगळे आहे. अक्षरांच्या वळणांना आणि तिरक्या रेघांना कडेचे करडे पिक्सेल कोणत्याही मापावर लागतातच, आणि स्केलिंगमुळे त्यांत थोडी भर पडते इतकेच. ही भर डोळ्यांना जाणवेल की नाही हे पिक्सेलच्या आकारावर आणि बसण्याच्या अंतरावर ठरते. २७ इंची फोर के पडद्याचा एक पिक्सेल सुमारे ०.१५६ मिलिमीटरचा असतो. सामान्य निरोगी नजरेची मर्यादा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, धरली जाते. त्या हिशेबाने साधारण ५४ सेंटिमीटरच्या पलीकडे हा पिक्सेल सुटा दिसत नाही. टेबलावरचा मॉनिटर बहुधा साठ-सत्तर सेंटिमीटरवर असतो, आणि आपण बोलत आहोत ते अर्ध्या पिक्सेलच्या करड्या कडेबद्दल. सरळ रेघेतली बारीक तफावत टिपण्यात डोळा या मर्यादेपेक्षा तीक्ष्ण असतो, म्हणून काहींना दोन मापे लागोपाठ बदलून पाहिल्यास फरक कळतोही. तो ‘थोडे मऊ’ या स्वरूपाचा असतो. वाचायला त्रास व्हावा इतका तो नसतो.

मूळ दाव्यातला सर्वांत महागात पडणारा सल्ला १४४० पी मॉनिटर घेण्याचा आहे. दोन्ही पडदे २७ इंची आणि दोन्हीकडे कामाची जागा २५६० बाय १४४० असे धरू. १६ पॉइंटच्या अक्षराला १४४० पी पडद्यावर उंचीत १६ खरे पिक्सेल मिळतात. फोर के पडद्यावर तेच अक्षर ३२ पिक्सेलमध्ये काढले जाते आणि २४ खऱ्या पिक्सेलमध्ये दाखवले जाते. क्षेत्रफळात पाहिले तर तेवढ्याच आकाराच्या अक्षराला सव्वादोन पट पिक्सेल मिळतात. देवनागरीत हा फरक अधिक उठून दिसतो: ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ यांसारख्या जोडाक्षरांतल्या पोकळ्या १६ पिक्सेलमध्ये बुजू लागतात आणि २४ मध्ये मोकळ्या राहतात. त्यात २०१८ च्या मोजावे आवृत्तीपासून मॅकओएसने रंगीत उपपिक्सेल वापरून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची पद्धत बंद केली, त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यावर अक्षरे आणखीच जाडीभरडी दिसू लागली. एक ते एक जुळणी हा गुण खराच, पण जुळवायला पिक्सेलच कमी असतील तर त्या गुणाचा अक्षरांना विशेष उपयोग होत नाही.

आता ज्या दोन टोकांची शिफारस केली जाते त्यांच्याकडे पाहू. इथे मिलिमीटरमध्ये मोजणे बरे, कारण पडद्यावरची मापे ऐकून वस्तू किती मोठी दिसेल हे समजत नाही. मॅकच्या मेनूतली अक्षरे १३ पॉइंटची असतात. २७ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० निवडले तर त्या अक्षरांची नाममात्र उंची ४ मिलिमीटर होते, २५६० बाय १४४० ला ती ३ मिलिमीटर आणि ३८४० बाय २१६० ला जेमतेम २ मिलिमीटर. शेवटच्या मापावर जागा भरपूर मिळते, पण वाचण्यासाठी पुढे वाकावे लागते किंवा प्रत्येक प्रोग्रॅममध्ये अक्षरे वेगळी मोठी करावी लागतात, आणि तसे केल्यावर मिळालेली जागा परतच जाते. शिवाय तिथे दुप्पट चित्र काढण्याची सोय नसते, त्यामुळे १६ पॉइंटच्या अक्षराला पुन्हा १६ पिक्सेलच मिळतात. पहिल्या मापावर अक्षरे अत्यंत रेखीव असतात, यात शंका नाही. मात्र दोन खिडक्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीला ९६० पॉइंटची रुंदी उरते, आणि अनेक संकेतस्थळे एवढ्या रुंदीवर बाजूची पट्टी लपवून टॅबलेटसारखी मांडणी दाखवतात. २५६० च्या मापावर प्रत्येक खिडकीला १२८० पॉइंट मिळतात. २० पॉइंट उंचीच्या ओळी धरल्या तर पूर्ण पडद्यावर ५४ ऐवजी ७२ ओळी मावतात. ज्यांना मोठी अक्षरे आवश्यक वाटतात त्यांनी १९२० वर अवश्य राहावे. पण त्याचे कारण अक्षरांचा आकार असावे, पुसटपणाची भीती नसावी.

भाराचा मुद्दा अर्धा खरा आहे. ५१२० बाय २८८० म्हणजे सुमारे १ कोटी ४७ लाख पिक्सेल, तर पडद्याचे स्वतःचे पिक्सेल ८३ लाख. वाढ सुमारे ७८ टक्क्यांची आहे. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक चित्र ५९ एमबीचे होते, आणि सेकंदाला साठ वेळा ते पूर्ण वाचले तरी साधारण साडेतीन जीबी होतात. एम-१ चिपची मेमरी सेकंदाला ६८ जीबी हलवू शकते, त्यामुळे लिखाण, ब्राउझर आणि तक्ते यांच्यासाठी हा बोजा नगण्य आहे. एकात्मिक ग्राफिक्स असलेल्या जुन्या इंटेल लॅपटॉपवर, विशेषतः असे दोन मॉनिटर जोडलेले असतील तर, सगळ्या खिडक्या एकदम पसरून पाहताना हालचाल अडखळू शकते. त्रिमितीय मॉडेलिंगच्या प्रोग्रॅमला आपली खिडकी मोठ्या चित्राच्या मापाने रंगवावी लागते, त्यामुळे तिथे वाढीव पिक्सेलची किंमत खरोखर मोजावी लागते. असे काम चालू असेपर्यंत १९२० वर जाणे शहाणपणाचे आहे.

मग इतक्या लोकांना पुसट अक्षरे दिसतात ती कुठून येतात? बहुतेक वेळा मापाचे नाव तेच असते पण निवडलेली नोंद वेगळी असते. मॅकच्या `Displays` मध्ये `Advanced` मधून मापे यादीच्या रूपात दाखवायला सांगून `Show all resolutions` चालू केले, की २५६० बाय १४४० ची एक साधी नोंद आणि एक `low resolution` अशी नोंद दिसू शकते. दुसरी निवडली तर चित्र खरोखरच लहान आकारात बनते आणि मोठे केले जाते. तपासायला टर्मिनलमध्ये ही आज्ञा पुरेशी आहे:

```
system_profiler SPDisplaysDataType
```

त्या मॉनिटरच्या नोंदीत `Resolution: 5120 x 2880` आणि खाली `UI Looks like: 2560 x 1440` असे आले तर सगळे ठीक आहे. आज्ञा नको असेल तर पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट काढून त्या फाइलचे माप पाहावे. ती २५६० बाय १४४० ची निघाली तर चुकीची नोंद लागू आहे. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत मात्र ३८४० बाय २१६० च दिसले पाहिजे. तिथे ३० हर्ट्झ दिसत असेल तर दोष केबलचा किंवा मधल्या हबचा असतो, आणि माप बदलून तो जात नाही. रंगीत अक्षरेच तेवढी, उदाहरणार्थ काळ्यावर लाल, फुटल्यासारखी दिसत असतील तर रंगांची माहिती कमी करून पाठवली जात असल्याचा संशय घ्यावा.

विंडोजवर यंत्रणाच निराळी आहे, आणि मॅकचा सल्ला तिथे जसाच्या तसा नेल्यामुळे गोंधळ वाढतो. विंडोजमध्ये रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० वरून हलवायचेच नाही. `Scale` १५० टक्के करायचे. प्रोग्रॅम मग अक्षरे थेट दीडपट आकारात आणि पडद्याच्याच पिक्सेलमध्ये रेखतो, लहान-मोठे करण्याचा टप्पा येत नाही, आणि जागा तीच २५६० बाय १४४० इतकी मिळते. रिझोल्यूशनच खाली आणले तर मूळ दाव्यातला दोष शब्दशः खरा ठरतो. स्केल बरोबर असूनही एखादाच प्रोग्रॅम धूसर दिसत असेल तर टास्क मॅनेजरच्या `Details` मध्ये `DPI Awareness` हा स्तंभ दाखवून घ्यावा; त्या प्रोग्रॅमसमोर `Unaware` असेल तर त्याची खिडकी विंडोज चित्रासारखी मोठी करते आहे, एवढे निश्चित.

पडद्याचा आकार बदलला की उत्तरही बदलते, आणि दाव्यात त्याचा उल्लेखच नाही. ३२ इंची फोर के पडद्यावर ३००८ बाय १६९२ निवडले तर एक पॉइंट सुमारे ०.२३५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे २७ इंचीवरच्या २५६० इतकाच. पण पिक्सेल ०.१८४ मिलिमीटरचे असल्यामुळे करड्या कडा लपण्यासाठी ६३ सेंटिमीटर तरी दूर बसावे लागते. २४ इंची फोर के पडद्यावर मात्र १९२० बाय १०८० ला पॉइंट ०.२७७ मिलिमीटरचा पडतो. मेनूतली अक्षरे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास राहतात आणि जुळणीही नेमकी दुपटीची असते, त्यामुळे या एका आकारावर दाव्यातले पहिले टोक बहुतेकांना आहे तसे चालेल.