परिपाठातला वादग्रस्त गोल

परिपाठात खिलाडूवृत्तीवर सहा मिनिटांचं नाटुकलं बसवायचं काम या वेळी माझ्याकडे आलं. विषय मीच सुचवला होता: फुटबॉल सामना, शेवटचा मिनिट आणि वादग्रस्त गोल. म्हटलं, सोपं आहे. पहिल्याच तालमीत कळलं, नाही.

पहिल्या खर्ड्यात आमचा हिरो मुद्दाम हाताने चेंडू जाळ्यात ढकलायचा, मग पश्चात्ताप होऊन सगळं कबूल करायचा. तालीम बघायला बसलेली पोरं लगेच ओरडली, "चीटर! चीटर!" मजा आली त्यांना, पण त्या चीटरमध्ये स्वतःला कुणीच पाहिलं नाही. रडीचा डाव नेहमी दुसराच खेळत असतो ना.

मग एका नियमाने मदत केली. गोल करणाऱ्याच्या हाताला चेंडू लागून थेट आत गेला किंवा हाताला लागल्यावर लगेच त्याने गोल मारला, तर तो गोल धरत नाहीत. चुकून लागला असला तरीही. म्हणजे मुलाने काहीच वाईट केलेलं नाही, फक्त त्याला एक गोष्ट माहीत आहे जी रेफरीला माहीत नाही. एवढा बदल केला आणि नाटुकलं उभं राहिलं. आता प्रश्न "फसवलंस का?" असा उरला नाही. "तुला कळलंय, मग गप्प बसणार का?" असा झाला.

दुसरी अडचण दिसण्याची. चेंडू रेषेपार गेला की नाही, असा वाद नाटकात घेऊच नका. पूर्ण चेंडू पूर्ण रेषा ओलांडून गेला तरच गोल, आणि चेंडू जेमतेम 22 सेंटीमीटर रुंद. मागच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोराला त्यातलं काय दिसणार? हाताला लागलेला चेंडू मात्र सगळ्यांना दिसतो. अट एकच, रेफरीला दिसता कामा नये. म्हणून एक बचावपटू बरोबर रेफरीच्या समोर आडवा उभा केला आणि हिरोचा तो हात प्रेक्षकांकडे. खरा चेंडू लाथाडला तर तो पहिलीच्या मुलांत जाऊन पडतो (पडला, दोनदा), म्हणून काळे कपडे घातलेली एक मुलगी चेंडू दोन्ही हातांत धरून संथ गतीत फिरवते. हाताला टेकला की सगळे दोन सेकंद थिजतात, मग शिट्टी.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. रेफरीला निर्णय फिरवता येतो, पण खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच. म्हणजे मधल्या वर्तुळातून सुरुवातीची किक बसली की संपलं. म्हणून गोल खाल्लेला गोली चेंडू उचलून मधोमध चालत येतो, बारा पावलं, आणि सगळी मुलं ती पावलं मोठ्याने मोजतात. वेळ तेवढाच. इकडे हिरोभोवती टाळ्या, मिठ्या. 0-1 चं 1-1 झालेलं. आमच्या नटाने आपणहून तो हात चड्डीला पुसायला सुरुवात केली. मी शिकवलं नव्हतं. अकराव्या पावलाला तो रेफरीकडे जातो. "हाताला लागला. मुद्दाम नाही, पण लागला." शिट्टी, गोल रद्द, सामना हरला.

हो, हरला. यावर बरीच चर्चा झाली. प्रामाणिक मुलाला निदान चषक तरी द्या, असं सुचवण्यात आलं. मी अडून बसलो. 2012 च्या सप्टेंबरमध्ये लॅझिओच्या मिरोस्लाव क्लोजने नापोलीविरुद्ध असंच केलं होतं. गोल दिला गेला होता, त्याने रेफरीला सांगितलं की हात लागला, गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी येऊन त्याचं कौतुक केलं आणि मग लॅझिओला 3-0 हरवलं! खरं बोलायला जर बक्षीसच मिळणार असेल तर मुलाला ठरवायला उरतं काय?

त्याहून जास्त वाद एका वाक्यावर झाला. सामना संपल्यावर हिरोचा जिवलग मित्र म्हणतो, "आज माझ्याशी बोलू नकोस." काढा म्हणाले, नकारात्मक वाटतं. मी ठेवलं. पोरं तशीच बोलतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळतात, ते दाखवायला सातवा मिनिट लागला असता. शेवटी एका शिक्षकाने येऊन तात्पर्य सांगायचं, तेही कापलं.

प्रयोगानंतर दुसरीतल्या एकाने हात वर केला. मला वाटलं, आता काहीतरी हृदयस्पर्शी येणार.

"सर, खांद्याला लागला असता तर?"

तर गोल. हात काखेच्या तळापासून खाली मोजतात.

"मग त्याने खांदा म्हणून सांगायचं ना!"

संपूर्ण परिपाठ हसला. रेफरी झालेला मुलगा सोडून. तो गंभीरपणे म्हणाला, "मला दिसलंच नव्हतं, मी मानलंही असतं."