परिषदेतल्या चहाच्या सुट्टीत अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य कोणतं बोलावं?

माझं ठाम मत आहे: पहिलं वाक्य नुकत्याच संपलेल्या सत्राबद्दल असावं, आणि त्यात समोरच्याचं मत विचारलेलं असावं. "नमस्कार, मी अमुक, आमची कंपनी तमुक करते" म्हटलं की समोरचा मनातल्या मनात नकाराची तयारी करू लागतो. "आपण काय करता?" हाही प्रश्न मला आवडत नाही. त्यात माणसाचं वजन जोखल्यासारखं होतं. आणि "कसं वाटलं सत्र?" याला "छान होतं" एवढंच उत्तर येतं, मग दोघंही कपात बघत बसतात.

समजा, मघाच्या वक्त्या म्हणाल्या की कागदी फॉर्म बंद केले की कामाचा वेळ निम्म्यावर येतो. चहा घेताना शेजारच्याला एवढंच विचारा: "निम्म्यावर येतो म्हणाल्या, तुम्हाला पटलं का?" यात टीका नाही, त्यामुळे तो वक्त्यांचा मित्र निघाला तरी अडचण नाही. हो किंवा नाही, काहीही म्हणाला तरी त्यामागचं कारण बहुतेक वेळा तो आपणहून सांगतो. "निम्मं कुठलं हो! आमच्याकडे लोक फॉर्म ऑनलाइन भरतात आणि त्याचीच प्रिंट काढून सहीला पाठवतात."

खरी परीक्षा इथे आहे. तुम्ही नेमकं त्याच कामाचं सॉफ्टवेअर विकत असाल, तर "आमच्याकडे यावर उपाय आहे" हे वाक्य अगदी ओठांवर येईल. ते गिळा. "सही कोणाची लागते?" असं विचारा. त्याच्याच वाक्यातून निघालेला हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण आपण खरंच ऐकत होतो हे त्यातून कळतं. स्वतःच्या कामाबद्दल त्याने "तुम्ही कुठे असता?" विचारल्यावर बोलावं, तेही दोन वाक्यांत.

कोणाजवळ जायचं, हेही बघावं लागतं. दोघं अगदी समोरासमोर उभे असतील तर त्यांचं काहीतरी खाजगी चाललेलं असण्याची शक्यता जास्त, तिथे घुसू नये. तिरके, थोडे बाहेरच्या बाजूला वळून उभे असतील तर तिसऱ्याला जागा असते. एकटा उभा असलेला माणूस सर्वात सोपा, आणि त्याच्याकडेच आपण जात नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी अशाच एका मेळाव्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या लोकांना भेटायचंय असं सांगून आलेली मंडळीसुद्धा जास्त करून आधीच्या ओळखीच्यांशीच बोलत राहिली होती.

दोन प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर आलं, नजर फोनकडे किंवा दाराकडे गेली, तर "चला, तुम्ही चहा घ्या निवांत" म्हणून बाजूला व्हावं. बिचाऱ्याला कदाचित पुढच्या सत्रात स्वतःच बोलायचं असेल.