समन्स केस म्हणजे कबूल करून मोकळं होण्याची केस नव्हे

"समन्स आलं म्हणजे समन्स केस, किरकोळ. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा, दंड भरा, रेकॉर्ड राहत नाही. वॉरंट निघालं तरच वॉरंट केस. सेशन कोर्टात फक्त अपिलं चालतात."

माझ्या भाच्यावर शेजारच्यांशी झालेल्या मारामारीची केस आहे. घरच्या ग्रुपवर हा मेसेज वाचून ताईने विचारलं, "सोमवारी कबूल करून टाकू दे का रे?" म्हणून लिहितोय.

नावावर जाऊ नका. केसचा प्रकार ठरतो तो कलमातल्या कमाल शिक्षेवरून. दोन वर्षांपेक्षा जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशी असेल तर वॉरंट केस, बाकीच्या समन्स केस. वॉरंट केसमध्येही न्यायाधीश आधी समन्स काढू शकतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला जुन्या संहितेत कमाल दोन वर्षं होती, म्हणजे समन्स केस. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षं झाली, म्हणजे वॉरंट केस.

आता कबुलीचं. भाच्यावर त्याच संहितेचं कलम ११५(२) आहे, साधी दुखापत, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समन्स केसमध्ये कोर्टाला रीतसर आरोप निश्चित करावे लागत नाहीत, मेसेजमधल्या 'किरकोळ' या शब्दात एवढंच अर्धसत्य मानतो. पण खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ प्रमाणे न्यायाधीश आरोपाचा तपशील सांगून विचारतात, "कबूल आहे का?" "हो" म्हटलं की कलम २७५ खाली दोषी ठरवता येतं. दंड भरला तरी ती दोषसिद्धीच. पुढे नोकरीच्या फॉर्मवर 'कधी शिक्षा झाली आहे का' या रकान्यात खरं उत्तर 'हो' असेल. आणि कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावर. 'मी मारलंच नाही' हे मग अपिलात मांडता येत नाही.

"कबूल नाही" म्हटलं तर फिर्यादीचे साक्षीदार, उलटतपास, आरोपीचा जबाब, बचावाचा पुरावा आणि निकाल. शिवाय आरोपात तथ्यच नसेल तर कलम २७४ च्याच परंतुकाखाली न्यायाधीश कारणं नोंदवून आरोपीला सोडू शकतात. ही तरतूद नवी आहे, मेसेजवाल्याला तिचा पत्ता नाही.

वॉरंट केसमध्ये आधी कागदपत्रं मिळतात, मग साठ दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडण्याचा अर्ज, तो फेटाळला तर आरोप निश्चिती, त्यानंतर साक्षी. सेशन कोर्टात चालवायची गंभीर केस मॅजिस्ट्रेट कमिट करतात, म्हणजे तिकडे सोपवतात. तिथे सरकारी वकील आधी आरोप आणि पुरावा मांडतात, मग दोषमुक्ती की आरोप निश्चिती ते ठरतं. खुनाचा खटला तिथेच चालतो, अपील म्हणून नव्हे.

भाच्यासाठी जास्त कामाची गोष्ट वेगळीच आहे. ११५(२) मध्ये, मार लागलेल्या माणसाची तयारी असेल तर, कोर्टाच्या परवानगीशिवायही तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटका असाच असतो. ताईला तेच सांगितलं: सोमवारी "कबूल नाही" म्हणायचं, आणि त्याआधी शेजारच्यांकडे जाऊन बोलायचं.